संध्याकाळी वाढणारे ओटीपोटाचे दुखणे: निदानापर्यंतचा माझा अनुभव

मी शिक्षिका आहे आणि शाळेच्या वेळातला बराचसा भाग उभ्याने जातो. दुसऱ्या बाळंतपणानंतर वर्षभरात माझ्या ओटीपोटात डाव्या बाजूला एक मंद दुखणे सुरू झाले. सकाळी उठताना त्याचा मागमूसही नसे. मधल्या सुट्टीनंतर खाली जड वाटू लागे, शेवटच्या तासाला आतून कोणी खाली ओढत असल्यासारखे होई आणि घरी येऊन अर्धा तास आडवे पडले की ते हळूहळू निवत असे. पाळीच्या आधीच्या आठवड्यात ते अधिक तीव्र होई. शरीरसंबंधानंतरही बराच वेळ ठणकत राही, पण हे कोणी विचारत नव्हते आणि आपणहून सांगायला माझी जीभ रेटत नव्हती.

पहिल्या सोनोग्राफीत काहीही आढळले नाही. ती सकाळी, उताणे झोपवून केलेली होती. लघवीची तपासणी झाली, पोटासाठी गोळ्या झाल्या. एन्डोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे, अशी शंका घेऊन दुर्बिणीतून तपासणीही झाली आणि त्यातही सर्व ठीक असल्याचे सांगण्यात आले. त्यानंतर एका रुग्णालयात मला, दोन मुले झालेलीच आहेत, तेव्हा पिशवी काढून टाकू, असा सल्ला मिळाला. ज्या अवयवात दोष सापडलेला नाही तो काढायचा, हे मला पटेना. म्हणून मी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले.

त्यांनी आधीच्या अहवालांची फाइल बाजूला ठेवली आणि दुखणे दिवसाच्या कोणत्या वेळी व शरीराच्या कोणत्या स्थितीत होते, एवढेच बारकाईने विचारले. शरीरसंबंधानंतरच्या ठणक्याबद्दलही त्यांनी इतक्या सहजपणे विचारले की मला उत्तर देणे सोपे गेले. मग बेंबीपासून कमरेच्या पुढच्या हाडाकडे जाणाऱ्या रेषेवर, डाव्या बीजांडकोषाच्या जागी, त्यांनी बोटांनी दाबले आणि माझे नेमके तेच दुखणे जागे झाले. नंतर त्यांनी मला उभे राहायला सांगितले. मांडीच्या मागच्या बाजूला, नितंबाच्या घडीजवळ, फुगलेल्या निळसर शिरा दिसत होत्या. त्या मला आरशातही दिसण्यासारख्या नव्हत्या आणि तोवर मला कोणीही उभे करून तपासलेले नव्हते.

त्यांनी मला जे समजावले ते असे. बीजांडकोषाकडून वर रक्त नेणाऱ्या शिरांमध्ये झडपा असतात, आणि त्या नीट मिटत नसतील तर उभे राहिल्यावर रक्त उलटे खाली येऊन गर्भाशय व बीजांडकोषाभोवतीच्या शिरांत साचते. गरोदरपणात या शिरांतून वाहणारे रक्त कितीतरी पटींनी वाढते आणि त्या ताणल्या जातात, म्हणून एकाहून अधिक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत हा त्रास जास्त आढळतो. डावी शीर थेट मुख्य शिरेला न मिळता मूत्रपिंडाच्या शिरेला जवळपास काटकोनात मिळते, त्यामुळे दोष बहुधा डावीकडे असतो. याला पेल्व्हिक कंजेशन सिंड्रोम म्हणतात. दुर्बिणीच्या तपासणीत ते का दिसले नाही, याचेही उत्तर याच वर्णनात होते: त्या वेळी रुग्णाचे डोके खाली कललेले असते आणि पोटात वायू भरलेला असतो, त्यामुळे फुगलेल्या शिरा रिकाम्या होऊन सपाट पडतात.

पुढची तपासणी मुद्दाम दुपारी उशिरा ठेवली. रक्ताच्या प्रवाहाची दिशा दाखवणाऱ्या, योनिमार्गातून केलेल्या डॉप्लर सोनोग्राफीत मला आधी अर्धवट बसते ठेवून, नंतर उभे करून, श्वास रोखून कुंथायला सांगितले. पडद्यावर डावीकडच्या प्रवाहाचा रंग कुंथताच पालटला, म्हणजे रक्त वर जाण्याऐवजी खाली येत होते. शिरेची रुंदी ९ मिमी भरली. साधारणतः ६ मिमीच्या पुढे ती फुगलेली मानतात. मात्र रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांनी एक गोष्ट आवर्जून सांगितली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते: अशा रुंद शिरा काहीही न दुखणाऱ्या अनेक स्त्रियांतही सापडतात, तेव्हा केवळ मापावरून निदान होत नाही. मापाला लक्षणांची जोड लागते आणि दुखण्याची इतर कारणे वगळावी लागतात. त्यासाठी माझे एमआर व्हेनोग्राम, म्हणजे शिरांचे एमआरआय चित्रण, झाले. मूत्रपिंडाची डावी शीर दोन धमन्यांच्या बेचक्यात किंवा पायाकडून येणारी डावी मोठी शीर धमनीखाली दाबली गेली असेल, तर उपचाराची दिशाच बदलते. माझ्या बाबतीत तसा दाब नव्हता.

आधी औषध दिले गेले. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे संप्रेरकाचे औषध रोज ३० मिग्रॅ घेतल्यावर दुखणे निश्चितच कमी झाले, पण वजन वाढले, मन उदास राहू लागले आणि गोळ्या थांबवल्यावर काही आठवड्यांतच संध्याकाळचा जडपणा परतला. तेव्हा एम्बोलायझेशन, म्हणजे सदोष शीर आतून बंद करणे, हा पर्याय समोर आला. हे काम इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी त्यांनी धोके स्पष्ट सांगितले: शीर बंद करण्यासाठी आत बसवलेली कॉइल, म्हणजे धातूच्या तारेची बारीक गुंडाळी, जागेवरून सरकून फुप्फुसापर्यंत जाऊ शकते, शिरेला इजा होऊ शकते, क्ष-किरणांचा मारा बसतो, आणि काही स्त्रियांना पुरेसा आराम पडत नाही. या उपचाराची नीट तुलना करणारे मोठे अभ्यास अजून फार थोडे आहेत, हेही त्यांनी लपवले नाही.

भूल फक्त मानेपुरती होती आणि सोबत गुंगीचे औषध होते. मानेच्या उजव्या शिरेतून बारीक नळी आत घालून ती मूत्रपिंडाच्या डाव्या शिरेतून बीजांडकोषाच्या शिरेत उतरवली. रंगद्रव्य सोडताना पोटात ऊब पसरल्याचे जाणवले, आणि शिरा बंद करणारे, फेस केलेले औषध खालच्या शिरांत सोडताना श्वास रोखून कुंथायला सांगितले तेव्हा माझे नेहमीचे दुखणे काही क्षण तसेच्या तसे उमटले. त्यानंतर शिरेच्या लांबीभर प्लॅटिनमच्या कॉइल बसवल्या. मानेवर टाका घालावा लागला नाही, केवळ पट्टी होती, आणि दुसऱ्या दिवशी मला घरी सोडले.

पहिला आठवडा बरा गेला नाही. डाव्या कुशीपासून खालपर्यंत दुखत होते आणि थोडी कणकणही होती. बंद केलेल्या शिरेला सूज येते, म्हणून हे अपेक्षित असते आणि साध्या वेदनाशामक गोळ्यांनी ते आटोक्यात राहते, असे मला आधीच सांगून ठेवले होते. मात्र जोराचा ताप, धाप लागणे, छातीत दुखणे किंवा पायाला सूज यांपैकी काही झाल्यास लगेच यायचे, हेही कागदावर लिहून दिलेले होते. आराम एकदम पडला नाही. दीडएक महिन्यानंतर शेवटच्या तासाला टेबलाचा आधार घ्यावा लागत नसल्याचे लक्षात आले आणि तीन महिन्यांनी संध्याकाळचे दुखणे बहुतेक दिवस नाहीसे झाले. पाळीच्या आधी दोन-तीन दिवस थोडा जडपणा अजूनही येतो. मांडीमागच्या शिरा तशाच आहेत, त्यांचा वेगळा उपचार मी सध्या करून घेतलेला नाही. उजव्या शिरेतही थोडा उलटा प्रवाह दिसला आहे, पण त्या बाजूला लक्षणे नसल्याने तिला हात न लावता वर्षाने पुन्हा उभे राहूनच डॉप्लर करायचे ठरले आहे.