पडद्यावर दोन पदं, लिस्टमध्ये चार

दुसऱ्या वर्षाच्या डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रॅक्टिकल परीक्षेत बहुपदींच्या बेरजेची चिठ्ठी निघाली की मुलांचा जीव भांड्यात पडतो. दोन लिंक्ड लिस्ट, प्रत्येक नोडमध्ये सहगुणक, घातांक आणि पुढच्या नोडचा पत्ता. दोन्ही लिस्ट घातांकाच्या उतरत्या क्रमानं लावलेल्या. दोन्हीकडच्या पहिल्या नोडवर बोट ठेवायचं, ज्याचा घातांक मोठा ते पद उत्तरात घ्यायचं आणि तिथलं बोट पुढे सरकवायचं. घातांक सारखे असतील तर सहगुणकांची बेरीज घ्यायची आणि दोन्ही बोटं सरकवायची. शेवटी एका लिस्टमध्ये जे उरेल ते तसंच मागे जोडायचं. m आणि n पदं असतील तर जास्तीत जास्त m + n पावलांत काम होतं.

त्या दिवशी ही चिठ्ठी ज्या मुलीला आली तिचा प्रोग्रॅम अर्ध्या तासात तयार होता. बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी कागदावर दोन बहुपदी लिहून दिल्या:

```
P = 4x^5 + 3x^2 - 6
Q = -4x^5 + 2x^3 + 6
```

पडद्यावर उत्तर आलं, `2x^3 + 3x^2`. बरोबर. सरांनी x = 1 ठेवून किंमत काढायला सांगितली, 5 आली. तीही बरोबर. मी गुणपत्रिकेत आकडा लिहायला पेन उघडलं, तेवढ्यात सर म्हणाले, "आता या उत्तराची कोटी छापून दाखव."

तिनं तीन ओळींचं फंक्शन लिहिलं. लिस्ट उतरत्या क्रमात आहे, म्हणजे पहिल्या नोडचा घातांक हीच कोटी. विचार अगदी योग्य होता. उत्तर आलं 5.

ती गोंधळली. वरच्या ओळीत `2x^3` दिसतंय आणि खाली कोटी 5. तिनं कोटीचं फंक्शन तीनदा वाचलं, त्यात काही चूक सापडेना, कारण चूक तिथे नव्हतीच. शेवटी मी तिला कोरा कागद दिला आणि म्हटलं, "उत्तराच्या लिस्टचे चौकोन काढ. प्रोग्रॅम करतो तसं, एकेक पाऊल."

पहिलं पाऊल: 5 आणि 5, घातांक सारखे, बेरीज 4 − 4. तिनं चौकोन काढला, त्यात 0 आणि 5 लिहिलं आणि पेन थांबलं. मग तिकडचा 3 इकडच्या 2 पेक्षा मोठा, म्हणून `2x^3` चा चौकोन. मग 2 आणि 0, म्हणून `3x^2`. शेवटी 0 आणि 0, बेरीज −6 + 6, पुन्हा शून्याचा चौकोन. लिस्टमध्ये चार नोड होते आणि पडद्यावर दोनच दिसत होते.

बाकीचे दोन लपवले होते छापण्याच्या फंक्शननं. त्यात `if (p->coef != 0)` अशी ओळ होती. किंमत काढतानाही शून्य गुणिले काहीही शून्यच, त्यामुळे तिथेही पत्ता लागला नाही. नोड मोजले असते किंवा पहिल्या नोडकडे नुसतं बघितलं असतं, तरच कळलं असतं.

ती म्हणाली, "पण मॅडम, नववीत सहगुणक रूप लिहिताना नसलेल्या पदाच्या जागी शून्य लिहायलाच लावायचे." मला तिचं हे बोलणं फार आवडलं, कारण गोंधळाचं मूळ तिथेच होतं. सहगुणक रूपात घातांक लिहिलेला नसतो, तो जागेवरून ओळखायचा असतो. तिथे शून्य गाळलं तर पुढची सगळी पदं सरकतात. ॲरेमध्येही तेच: `x^1000 + 1` ठेवायला 1001 खणं लागतात आणि त्यातल्या 999 खणांत शून्य असतं. लिंक्ड लिस्टमध्ये प्रत्येक नोड आपला घातांक स्वतःबरोबर घेऊन फिरतो, म्हणून तेच काम दोन नोडमध्ये होतं. इथे शून्याचा नोड कुणाचीच जागा राखत नाही. उलट पहिला नोड म्हणजे सर्वांत मोठा घातांक, या ज्या गोष्टीवर आपण विसंबतो, तीच तो खोटी पाडतो.

"मग बेरीज झाल्यावर शून्याचे नोड शोधून काढून टाकते," ती म्हणाली. सरांनी विचारलं, "नोड काढायला काय काय लागेल?" मागच्या नोडचा पॉइंटर लागेल, शून्य पहिल्याच नोडमध्ये असेल तर हेडही बदलावं लागेल. उत्तर देतादेताच तिच्या लक्षात आलं की तो नोड मुळात तयारच करायला नको. तिनं बेरजेच्या भागात अट घातली:

```c
s = p->coef + q->coef;
if (s != 0) {
    append(&head, &tail, s, p->exp);
    p = p->next;
    q = q->next;
}
```

रन केलं आणि प्रोग्रॅम अडकला. कर्सर नुसता लुकलुकत राहिला. बहुतेक जण ही अट पहिल्यांदा घालतात तेव्हा इथेच अडकतात. बेरीज शून्य आली की कंसातलं काहीच होत नाही, म्हणजे दोन्ही पॉइंटरही जागेवरच राहतात, आणि तेच दोन नोड पुन्हा पुन्हा एकमेकांसमोर येतात. नवा नोड बनत नसल्यामुळे मेमरीही वाढत नाही, प्रोग्रॅम शांतपणे फिरत राहतो. पद उत्तरात घ्यायचं की नाही हा एक प्रश्न, पुढे सरकायचं की नाही हा दुसरा. घातांक सारखे असतील तर सरकायचंच. तिनं Ctrl+C दाबलं, बंद होणारा कंस दोन ओळी वर नेला, आणि कोटी 3 आली.

सरांनी शेवटचं एकच विचारलं: P मध्ये −P मिळव. आता बेरजेत एकही नोड बनला नाही, हेड `NULL` राहिलं, आणि कोटीच्या फंक्शननं `head->exp` वाचायला जाताच सेगमेंटेशन फॉल्ट. मघाशी शून्याचे नोड होते म्हणून हे फंक्शन कधी कोसळलं नव्हतं, फक्त चुकीची कोटी सांगत होतं. शून्य बहुपदीची कोटी गणितात ठरवता येत नाही, म्हणून आम्ही रिकाम्या लिस्टसाठी −1 परत करायचं ठरवलं. घातांक ऋण नसतात, त्यामुळे −1 चा दुसऱ्या कशाशी घोटाळा होत नाही. छापण्याच्या फंक्शनमध्येही लिस्ट रिकामी असेल तर `0` छापायचं.

पूर्णांक सहगुणकांसाठी एवढं पुरतं. `double` घेतले तर ही अटसुद्धा फसते. 0.1 आणि 0.2 च्या बेरजेतून 0.3 वजा केले तर शून्य येत नाही, 5.55 × 10⁻¹⁷ च्या आसपास काहीतरी उरतं. दोन दशांश स्थळांपर्यंत छापलं की पुन्हा `0.00x^5`. तिथे किती लहान आकड्याला शून्य मानायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि ते सहगुणकांच्या आकारावर अवलंबून असतं. सरांनी तो विषय काढला नाही. मीच पुढच्या तासासाठी वहीत लिहून ठेवला.

तिला चांगले गुण मिळाले. मला मात्र ती छापण्याच्या फंक्शनमधली ओळ सोडेना. संध्याकाळी जर्नलांचा गठ्ठा काढला. पहिल्या सात जर्नलांपैकी पाचांमध्ये तीच ओळ, त्याच जागी. सहाव्यात तिच्याशेजारी माझ्याच लाल शाईतला शेरा होता: "0x^5 असं छापू नये." मुलांनी तो शब्दशः पाळला होता. मी तो खोडला, बेरजेच्या फंक्शनकडे बाण काढला आणि लिहिलं: "हा नोड बनूच नये." मग बाकीची चार काढली.