दार अर्धं उघडं, तरी खोली तिची

‘लेक पंधरा वर्षांची आहे. खोली १० बाय १०. तिला एकांत हवाय आणि भिंत काळी रंगवायचीय. आम्हाला दाराला आतून कडी नको आणि अभ्यास नजरेआड नको. कसं जमवायचं?’

आधी बिजागरी कुठल्या बाजूला आहे ते बघा. आत उघडणारं दार अर्धवट लोटलं की बिजागरीकडची बाजू फळीआड जाते आणि कडीकडची बाजू हॉलमधून दिसत राहते. म्हणून पलंग बिजागरीच्या बाजूला, टेबल कडीच्या बाजूला. लोळणं, कपडे, मैत्रिणीशी फोन हे सगळं आडोशाला जातं, आणि अभ्यास दिसतो.

समजा दार डाव्या कोपऱ्यात आहे, बिजागरी डावीकडे आणि खिडकी समोर. ३ बाय सव्वासहा फुटांचा पलंग डाव्या भिंतीला, खिडकीच्या टोकाला सरकवा. दाराची अडीच फुटी फळी मोकळी फिरते. उजव्या भिंतीला खिडकीजवळ ४ बाय २ फुटांचं टेबल, उंची २९-३० इंच. कपाट त्याच भिंतीला, दाराकडच्या कोपऱ्यात. असं केलं की खिडकीचा उजेड डाव्या हाताकडून येतो आणि उजव्या हाताने लिहिताना वहीवर सावली पडत नाही. मुलगी डावखुरी असेल तर टेबललॅम्प उजवीकडे ठेवा.

या मांडणीत तिची पाठ दाराकडे येते. मागून कोणी आलं की मूल दचकतं, स्क्रीन झाकतं, आणि आईबाबांना उगाच संशय येतो. त्यामुळे कडी नको असेल तर दार उघडं असतानाही टकटक करून आत जायचं. हा नियम मोठ्यांनी पाळायचा आहे.

प्लगपॉइंटकडे सहसा कोणी बघत नाही. तो पलंगाशी असला की चार्जिंगच्या निमित्ताने फोन रात्रभर उशाशी राहतो. भिंत रंगवण्याआधीच इलेक्ट्रिशियनकडून टेबलाच्या वर, जमिनीपासून साधारण ३ फुटांवर, दोन पॉइंट काढून घ्या. फोन रात्री तिथेच चार्जिंगला राहील.

आता रंग. चारही भिंती गडद केल्या तर खोली उजेड गिळते आणि दिवसाही दिवा लावावा लागतो. पण पलंगामागची एक भिंत तिच्या मनासारखी जरूर होऊ द्या. अगदी काळा पटत नसेल तर बाटली हिरवा किंवा गडद निळा यावर दोघांचं जमतं. भिंत ९ फूट उंच धरली तर ९० चौरस फूट होतात. दोन हातांना २ लिटर इमल्शन पुरतं. पुढे फिका रंग द्यायचा झाला तर आधी प्रायमरचा हात द्यावा लागेल, नाहीतर खालचा गडद रंग डोकावत राहतो. हे तिला आत्ताच सांगा.

पोस्टर दुहेरी टेपने लावू नका. काढताना रंगाचे पापुद्रे निघतात. टेबलाच्या वरच्या भिंतीवर सॉफ्टबोर्ड लावा. ती भिंत बाहेरची असेल आणि पावसाळ्यात ओल धरत असेल तर बोर्डामागे बुरशी येते, म्हणून तो आतल्या भिंतीवर घ्या. बोर्डावर काय लावायचं, यात मात्र घरच्यांनी पडू नये.