आमच्या लिफ्टची दोन ओळींची पाटी बदलली त्याची गोष्ट

आम्ही बेळगावात टिळकवाडीत राहतो, बिल्डिंग जुनी आहे आणि लिफ्टही जुनी, म्हणजे बाहेर प्रत्येक मजल्यावर हाताने उघडायचा दरवाजा आणि आत सरकवायचा जाळीचा दरवाजा. यातला एक जरी नीट लागला नाही तरी आतलं कनेक्शन जुळत नाही आणि लिफ्ट जागची हलत नाही. कुणीतरी तिसऱ्या मजल्यावर उतरतं, जाळी तशीच सोडून घरात जातं, आणि खाली गुडघेदुखीवाल्या काकू बटण दाबत उभ्या, मग वॉचमन जिन्याने वर. हे रोजचं झालेलं.

नोटीस बोर्डवर सूचना होतीच. पण ती अशी होती, दोन ओळींत:

सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की लिफ्टचा दरवाजा उघडा
ठेवू नये. आदेशावरून.

आता पहिली ओळ एकटी वाचून बघा. जाता जाता माणूस एकच ओळ वाचतो आणि ती चक्क "दरवाजा उघडा" म्हणते. उघडा म्हणजे ओपन असलेला आणि उघडा म्हणजे तुम्ही उघडा, दोन्ही एकच दिसतं, आणि नकार बिचारा खालच्या ओळीत. त्यात ते "आदेशावरून" वाचून लोक चिडायचे ते वेगळंच, "आम्ही काय ह्यांचे नोकर काय रे" असं एका काकांनी तोंडावर विचारलं सेक्रेटरींना.

सेक्रेटरी म्हणाले तुम्हीच लिहून द्या की. त्यांनी स्वतः एक सुचवलं होतं, "लिफ्ट वापरून झाल्यावर बंद करावी". मी म्हटलं काका, लिफ्ट बंद म्हणजे आपल्याकडे बिघडलेली नाहीतर मेन स्विच घालवलेली, दरवाजा हा शब्द पाहिजेच. मग "दरवाजा बंद ठेवा" लिहिलं, ते बरं वाटलं पण मला पटेना, कारण ठेवा म्हटलं की ते सगळ्यांचं मिळून काम होतं आणि सगळ्यांचं काम कुणीच करत नाही. उतरणाऱ्या माणसाला हाताने काय करायचं ते सांगायला हवं, आणि कधी तेही. म्हणून "बाहेर आल्यावर" आणि "ओढून बंद करा".

मग करा की करावे, यावर बराच वेळ गेला. कमिटीतल्या एका सरांना करावे जास्त सभ्य वाटत होतं. पण त्या रूपाला लिंग-वचन सांभाळावं लागतं, दरवाजा बंद करावा, जाळी बंद करावी, दरवाजे बंद करावेत, आणि जाळी नि दरवाजा एकत्र आले की करावेत का करावीत यावरच मीटिंग संपते. शिवाय करावे असं लिहिलं की ते कुणी करायचं हे हवेत राहतं, ऑफिसच्या परिपत्रकासारखं. "करा" मात्र कशालाही बदलत नाही, थेट वाचणाऱ्याशी बोलतं, आणि ते तुम्ही-आपणचं रूप असल्याने त्यात आदर आधीच आहे. उद्धट होतं ते "कर" म्हटल्यावर. एक "कृपया" पुरतो, त्यावर परत "ही नम्र विनंती" लावलं की ओळ लांबते आणि काम मागे पडतं.

शेवटी हे ठरलं:

बाहेर आल्यावर जाळी आणि दरवाजा,
दोन्ही कृपया ओढून बंद करा.
एक जरी उघडं राहिलं तर लिफ्ट हलत नाही.

ओळ कुठे तुटते ते मुद्दाम बघितलं, कृपयापासून करापर्यंत सगळं एका ओळीत राहायला हवं होतं. कारण वेगळ्या वाक्यात ठेवलं, धमकी नाही, दंडाची भाषा नाही, फक्त काय होतं ते. छापायच्या आधी शाळेतल्या एका पोराकडून आणि खालच्या आजींकडून मोठ्याने वाचून घेतलं, दोघं कुठे अडखळले नाहीत तेव्हा पुढे गेलो.

शेजारच्या कन्नड घरातल्या वैनींनी खाली त्यांच्या भाषेतली ओळ लिहून दिली. त्यांनाही हाच प्रश्न पडला होता, घरी बोलताना त्या दार लावा याला "बागला हाक्रि" म्हणतात, त्यातला रि म्हणजे आदरच, पण लिहिताना पुस्तकी रूप घ्यायचं का बोलण्यातलं. त्यांनी पुस्तकी घेतलं पण ओळ छोटी ठेवली.

आणि कागद बोर्डवर लावला नाही. बोर्ड खाली आहे, दरवाजा लावायचा वर उतरल्यावर, तोपर्यंत कोण लक्षात ठेवणार? म्हणून तो लिफ्टच्या आत, जाळीच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर लावलाय. घरच्या लोकांची सवय बरीच सुधारली. कुरियरवाले आणि पाहुणे अजून विसरतात, त्यांना वॉचमन आत सोडतानाच तोंडी सांगतो, तेही याच शब्दांत.