पाय काळे की चिखल काळा?

चिखलावरच्या पाखरांच्या फोटोत माणसाची नजर आधी पायांकडे जाते, आणि सगळ्यांत जास्त फसवतात तेही पायच. पक्ष्यांचं पुस्तक उघडलं की समोर लिहिलेलं असतं: पाय काळे, पाय पिवळसर, पाय हिरवट. वाचायला किती सोपं! मग फोटो मोठा करून बघावा, तर सगळ्या पाखरांना एकाच रंगाचे पाय. तो रंग तलावाच्या गाळाचा.

आमच्याकडे, भंडारा-गोंदियाच्या पट्ट्यात, जुने मालगुजारी तलाव गावोगाव आहेत. खोल कमी, पसरट जास्त. धानाला पाणी सोडून झालं आणि हिवाळा मध्यावर आला, की पारीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, समोरच्या उथळ अंगाने पाणी मागे सरकत जातं आणि गाळाचा एक लांबच लांब पट्टा उघडा पडतो. तिथे उत्तरेकडून आलेली बारकी, मातकट पाखरं पसरलेली असतात. गावात त्या सगळ्यांना मिळून ‘पाखरं’ एवढंच नाव आहे, आणि खरं सांगायचं तर पारीवरून बघताना त्यापलीकडे काही म्हणताही येत नाही.

या तलावावर मासे धरणारा एक पोट्टा आहे. त्याच्याकडे लांबचं टिपणारा एक जुना कॅमेरा आहे. पहाटे जाळं काढून झालं की तो डोंग्यातून फोटो काढतो आणि मला पाठवतो. सोबत प्रश्न ठरलेला: “सर, हे कोणतं होय जी?” मागच्या हिवाळ्यात त्याने एकाच जागेचे एकामागोमाग काढलेले पाच-सहा फोटो पाठवले. चिखलाच्या कडेला तीन बारकी पाखरं, आणि जरा मागे पाण्यात उभं एक मोठं. त्याने आपलं निदानही कळवलं होतं: “तिन्ही एकच होत. सगळ्यांचे पाय काळेच दिसून राहिले.”

मी पाय बाजूला ठेवले आणि चोचीपासून सुरुवात केली. चोच किती मिलिमीटर हे फोटोवरून कळत नाही, पण ती त्याच पाखराच्या डोक्याशी मोजता येते. कागदाची एक पट्टी स्क्रीनवर धरायची, चोचीच्या मुळापासून टोकापर्यंत खूण करायची आणि तीच पट्टी मुळापासून मागे, डोक्याच्या मागच्या कडेपर्यंत फिरवायची. चिखल्याची, म्हणजे प्लोव्हरची, चोच डोक्याच्या निम्म्याच्या आसपास भरते. ठिपकेवाल्या तुतारीची, म्हणजे वूड सँडपायपरची, डोक्याइतकी. ग्रीनशँकची दीडपटीकडे जाते आणि टोकाला किंचित वर वळते. गॉडविटची मोजायला बसावंच लागत नाही, दुपटीपेक्षा लांब चोच नजरेतच भरते.

या मापात एक गोम आहे. पाखरू जरा जरी कॅमेऱ्याकडे किंवा पलीकडे वळलेलं असलं, तरी चोच आहे त्यापेक्षा आखूड दिसते. वळल्यामुळे लांब कधीच दिसत नाही. म्हणून एकाच पाखराचे अनेक फोटो असले, तर ज्या फोटोत चोच सगळ्यांत लांब भरते तोच धरायचा. सरासरी काढत बसायचं नाही. उलट दिशेने फसवणारी गोष्ट एकच, स्थिर पाणी. चोचीचं टोक पाण्याला टेकलं की खालचं प्रतिबिंब त्याला जाऊन मिळतं आणि साध्या टिलव्याला, म्हणजे स्टिंटला, पाणलाव्याची लांबलचक चोच फुटते. अशा वेळी पाण्याची रेघ शोधायची आणि तिच्याखालचं सगळं सोडून द्यायचं. टोक चिखलात रुतलेलं असेल, तर तो फोटो चोचीच्या कामाचा नाहीच.

पोट्ट्याच्या फोटोत तिघांपैकी एकाची चोच जेमतेम निम्मी भरली. डोकं गोल, डोळा चेहऱ्याच्या मानाने मोठा, गळ्याशी गडद पट्टा. चिखल्या. मोठा केल्यावर डोळ्याभोवती पिवळं कडंही दिसलं, म्हणजे हा कंठेरी चिखल्या, लिटल रिंग्ड प्लोव्हर. केंटिश चिखल्याला ते पिवळं कडं नसतं आणि त्याचा पट्टा छातीवर मधोमध तुटलेला असतो. इथे पायांची गरजच पडली नाही. बरं झालं, कारण कंठेरी चिखल्याचे फिकट पिवळसर पाय त्या फोटोत डांबरासारखे काळे होते.

उरलेल्या दोघांच्या चोची डोक्यापेक्षा किंचित आखूड, जवळपास सारख्याच. हे टिलवे. आपल्याकडच्या तळ्यांवर हिवाळ्यात प्रामुख्याने दोन टिलवे येतात: छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा. दोघेही चिमणीएवढे, 25-30 ग्रॅमचे जीव, आणि दोघेही पार आर्क्टिककडच्या टुंड्रातून येतात. त्यांना वेगळं करायला चोच पुरत नाही. टेमिंकच्या चोचीचं टोक जरासं खाली झुकलेलं असतं म्हणतात, पण एवढ्या लांबून काढलेल्या फोटोत ते दिसलं असं सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही. पुस्तकात दोघांतला ठळक फरक दिलाय तो पायांचाच: छोट्याचे काळे, टेमिंकचे पिवळसर-हिरवट. म्हणजे फिरून पायांपाशीच आलो.

मग पाय बघायचे, पण नीट बघायचे. गाळ ओला असताना काळा असतो, वाळला की राखाडी होतो, आणि तो बोटांपासून मधल्या सांध्यापर्यंत चढतो. आपण ज्याला पाखराचा गुडघा समजतो तो खरं तर घोटा असतो. त्या सांध्याच्या वर, पिसं सुरू होण्याआधी, पायाचा एक छोटासा तुकडा उघडा असतो. उथळ चिखलात चालणाऱ्या पाखराचा तेवढाच भाग बऱ्याचदा स्वच्छ राहतो. रंग वाचायचा तर तिथे. दुसरी गोष्ट उजेडाची. सूर्य पाखराच्या मागे असेल तर पिवळे पायही काळे दिसतात. कोवळ्या उन्हात उलट सगळंच पिवळं होतं. उजेड खोटं बोलतोय का ते तपासायला त्याच फोटोत ओळखीचं कुणीतरी शोधायचं. या फोटोंपैकी एकात मागे शेकाट्या, म्हणजे स्टिल्ट, उभा होता, ज्याचे पाय गुलाबी असतात हे इथलं पोरगंही सांगेल. आणि तेही काळपट दिसत होते! मग त्या फोटोतल्या कुणाच्याच काळ्या पायांवर विसंबायचं कारण उरलं नाही. मी पोट्ट्याला तसं कळवलं. त्याचं उत्तर आलं: “म्हणजे पुरावा गेला का सर?”

पुरावा गेला नव्हता, फक्त पायांत नव्हता. पाच-सहा फोटो काही सेकंदांच्या आत काढलेले होते, आणि कॅमेरा प्रत्येक फोटोची वेळ नोंदवतो. एका स्थिर फोटोत पाखरू कसं खातं ते कळत नसलं, तरी ओळीने लावलेल्या फोटोंत कळतं. चिखल्या बघून खातो. म्हणून तर त्याचे डोळे एवढे मोठे. थांबतो, मान ताठ करून बघतो, चार पावलं धावतो, पुन्हा थांबतो, वाकून एकदाच टोचतो. आपल्या फोटोंत तसंच होतं: एक सोडून सगळ्या फोटोंत त्याची मान वर, आणि दर फोटोत तो वेगळ्या जागी. टिलवे आणि तुतारी यांच्या चोचीच्या टोकाशी स्पर्श ओळखणाऱ्या पेशींचे पुंजके असतात. चिखलाखालचं, न दिसणारं भक्ष्यही त्यांना चोचीने चाचपता येतं. त्यामुळे मान खाली घालून काम सुरू ठेवणं त्यांना परवडतं.

आता दोन टिलव्यांमध्ये बघा. पहिल्याची मान प्रत्येक फोटोत खाली, पाय सरळ, आणि तो उघड्या ओल्या चिखलावरून झपाट्याने पुढे सरकलेला. छोटा टिलवा शिलाई मशीनच्या सुईसारखा टोचत जातो, दम घेत नाही. दुसरा मात्र पाच फोटोंत वीतभरही हलला नव्हता. पाय दुमडून, पोट चिखलाला टेकेल इतका खाली बसल्यासारखा, कडेच्या गवताच्या काड्यांना चिकटून तो सावकाश टोचत होता. टेमिंकचा टिलवा असाच वागतो: गोड्या पाण्याची, गवताळ कडेची जागा धरतो, बहुधा एकटा किंवा दोघं-चौघं, आणि उंदरासारखा लपतछपत चालतो. मग छाती बघितली. पहिल्याची मधोमध पांढरी, दुसऱ्याची आडवी सलग करडी, तुतवाराच्या, म्हणजे कॉमन सँडपायपरच्या, छोट्या नकलेसारखी. शेवटी एका फोटोत तो दुसरा किंचित उठलेला सापडला. सांध्याच्या वरचा तुकडा दोन-चार ठिपक्यांएवढाच, पण हिरवट-पिवळा. शेकाट्याचे पाय काळे करणाऱ्या उजेडातही पिवळं दिसलं, तेव्हा ते पिवळंच. आता पायांची साक्ष घ्यायला हरकत नव्हती.

मागे पाण्यात उभं असलेलं चौथं मिनिटभरात सुटलं. चोच डोक्याइतकी, पाठीवर पांढुरके ठिपके, आणि डोळ्याच्या बऱ्याच मागेपर्यंत गेलेली पांढरी भुवई. ठिपकेवाली तुतारी. हिरव्या तुतारीची भुवई डोळ्यापाशीच संपते आणि ती एकंदर जास्त काळवंडलेली असते. फोटो समोरून असता तर भुवई दिसली नसती आणि मी तिला नुसती ‘तुतारी’ म्हणून सोडून दिली असती. तसं सोडण्यात काही कमीपणा नाही. अर्धवट फोटोला पूर्ण नाव चिकटवणाऱ्यांची मात्र मला भीती वाटते.

हे सगळं लिहून पाठवलं तर पोट्ट्याने दोनच दिवसांत नवा फोटो धाडला, जणू परीक्षा घ्यायला. भात कापलेल्या बांधीत साचलेलं पाणी, त्यात मध्यम आकाराचं पाखरू, आणि या वेळी पाय धुतल्यासारखे स्वच्छ, नारिंगी-लाल. “हा तर रेडशँकच ना जी? चिखल नाई, ऊनही समोरचं.” पाय निर्विवाद लाल होते. पण चोच आखूड, टोकाला किंचित खाली वळलेली, आणि मुळाशी गडद. रेडशँकची सरळ असते आणि मुळाशी लाल. पाठीवरची पिसं फिकट कडांची, खवल्यांसारखी. डोकं अंगाच्या मानाने लहान. हा रफ. रफचे पाय वयाप्रमाणे हिरवट, पिवळे, नारिंगी असे काहीही असू शकतात, त्यामुळे स्वच्छ दिसले तरी त्यांच्यावरून नाव ठरत नाही.

हे कळवलं तसा त्याचा फोनच आला. “मंग पाय कशाले पाहाचे सर?”

“पाहाचे,” मी म्हटलं, “पण आधी चोच मोज.”

“मोजली जी,” तो म्हणाला, “डोक्याइतकीच भरली. तोंड माह्याकडे वळवून होता का नाई, ते पाहून सांगतो.”