अर्धा एकर ऊस राखून ठेवा

"सर बघतायत." माझ्या पहिल्या लघुपटासाठी पैसे मागणारं पत्र एका निर्मात्याच्या कार्यालयात देऊन आल्यावर हे वाक्य मी जवळजवळ महिनाभर ऐकलं. डिसेंबरात दिलेलं पत्र, आणि माझी गोष्ट ऊसतोडीची. हंगाम कोणासाठी थांबत नाही.

गोष्ट लहान होती. बीडहून कोल्हापूरकडे आलेल्या जोडप्यातला नवरा तापाने कोपीत पडलाय. त्यांच्याकडे 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायको दोघं, त्यामुळे एक बसला तरी मुकादमाच्या वहीत खाडा पडतो आणि उचलीतून पैसे कापले जातात. म्हणून बायको एकटीच फडात उतरते. रात्री ट्रॅक्टर येतो, तेव्हा मोळी डोक्यावर चढवून द्यायला कोणी नसतं.

हे चार ओळींत बसतं. पण पहिल्या मसुद्यात मी दीड पान स्थलांतराच्या समस्येवर घालवलं होतं! ते सगळं काढलं आणि पहिल्याच ओळीत बाई फडात आणली.

अखेर उत्तर आलं ते एका प्रश्नाच्या रूपात: "ऊस तोडला की दुसरा टेक कुठे घेणार?"

मी गप्प. पत्रात कॅमेरा होता, प्रकाश होता, माझी तळमळ तर ठिकठिकाणी होती. पण तोडलेला ऊस परत उभा राहत नाही, हे लिहिलंच नव्हतं. बाई पुढे सरकते तसा मागचा फड मोकळा होतो. सकाळच्या दृश्यात मागे उभा ऊस हवा, संध्याकाळच्या दृश्यात पाचट. क्रम चुकला की सांधा लागणार नाही.

मग गावात जाऊन शेतकऱ्याशी बोललो. तो म्हणाला, "तोड माझ्या हातात नाही, कारखान्याचा चिटबॉय सांगेल तेव्हा. आणि उशीर झाला, तुरा आला की वजन घटतं, ते कोण भरणार?" शेवटी बांधाकडचा अर्धा एकर आठ दिवस राखायचा आणि घटीचे पैसे आम्ही द्यायचे, असं ठरलं. पत्रात नवं पान जोडलं: आधी उभ्या उसातली दृश्यं, मग तोडणीची, शेवटी रात्रीची भरणी, चुकलं तर राखलेल्या अर्ध्या एकरात. चित्रीकरण चार दिवस.

एक राहिलंच. अंदाजपत्रकात मी 'स्थानिक कलाकार, मानधन' असं मोघम लिहिलं होतं. जे मजूर कॅमेऱ्यासमोर येणार त्यांचाही तेवढे दिवस खाडाच पडणार! ती भरपाई वेगळ्या ओळीत, जोडीमागे, लिहा. मी दुसऱ्या पत्रात लिहिली.

दुसऱ्या पत्राला नवव्या दिवशी फोन आला. अर्धे पैसे ते देणार, बाकीचे मी उभे करायचे. मी आधी चिटबॉयला फोन लावला.