हा का बोका हा

‘एक्सप्लोडिंग किटन्स’मधल्या कोट्या मराठीत कशा आणल्यात? आणि त्या नादात खेळाचे नियम नाही बिघडले?

बिघडले ना, दोनदा बिघडले. पण आधी बोक्यांचं सांगतो.

मूळ खेळ पत्त्यांचा, २०१५चा, ५६ पानांचा. आई इंग्रजी वाचत नाही आणि आजीशिवाय डाव मांडायला पुतण्या तयार नव्हता, म्हणून मी मराठी चिठ्ठ्या लिहून प्रत्येक पानावर एक ठेवली आणि दोन्ही मिळून प्लास्टिकच्या पाकिटात सरकवली. चित्रं तीच राहणार, हे बंधन पहिल्या दिवसापासून होतं. त्यातली वीस पानं मांजरांची: पाच प्रकार, प्रत्येकी चार. एकटं मांजर कुचकामी. दोन सारखी टाकली की दुसऱ्याच्या हातातलं एक पान न बघता ओढायचं, आणि तीन सारखी टाकली तर हवं ते पान नाव घेऊन मागायचं.

पहिलं नाव ‘टॅकोकॅट’. इंग्रजीत ते उलटंसुलटं सारखंच वाचता येतं. देवनागरीत लिहिलं की गंमत संपते, कारण आपण अक्षर उलटवतो ते मात्रेसकट: टॅ-को-कॅ-ट उलटं केलं तर ट-कॅ-को-टॅ. मग ‘रामाला भाला मारा’च्या चालीवर बोका बसवायचा. ‘का-बो-का’ इथपर्यंत लगेच पोचलो, पुढे आठवडा गेला. शेवटी पोळीत गुंडाळलेल्या त्या ध्यानाचं चित्र बघून आईच म्हणाली, “हा का बोका हा?” हा-का-बो-का-हा. मी पेन शोधायला धावलो.

कलिंगडात बसलेला बोका त्या मानाने स्वस्तात सुटला. ‘बोका’ आणि ‘कलिंगड’ दोघांना ‘क’ सामाईक आहे, म्हणून ‘बोकलिंगड’. इंद्रधनुष्य ओकणारा झाला ‘ओकाबोका’. दाढीवाल्याला मी मोठ्या हौसेने ‘बोकोबा’ म्हटलं, आणि इथे नियम पहिल्यांदा बिघडला. तिघांच्या गडबडीत पुतण्या “बोको...” म्हणाला, समोरच्याने बोकलिंगड ऐकलं आणि “नाही माझ्याकडे” म्हणून मोकळा झाला. मागितलेलं पान समोरच्याकडे नसेल तर तुमची तिन्ही मांजरं फुकट जातात, त्यामुळे भांडण रास्त होतं. दाढीवाला मग ‘दाढीबुवा’ झाला. कोटी जरा फिकी पडली, पण मागायची नावं पहिल्याच अक्षराला वेगळी ऐकू यायला हवीत.

दुसरी गडबड ‘टर्न’ने केली. ‘अटॅक’ पान टाकलं की आपण पान न उचलता थांबतो आणि पुढच्याला सलग दोनदा खेळावं लागतं. ‘पाळी’ म्हटलं तर सातवीतली मुलं खिदळतात. ‘दोन डाव’ लिहिलं तर आईला वाटलं की पूर्ण खेळ दोन वेळा. मी हुशारीने ‘दोन पानं उचल’ लिहिलं. झालं, पुतण्याने दोन्ही एकदम उचलली! पण दोन उचलींच्या मध्येच तर पान टाकायची, ‘स्किप’ने एक वेळ चुकवायची संधी असते. तीच गेली. आता तिथे ‘दोन खेळ्या’ आहे आणि खाली बारीक अक्षरात ‘एक संपव, मग दुसरी’.

दुसऱ्याने टाकलेलं पान रद्द करणाऱ्या ‘नोप’साठी ‘नाही’ चाललं नाही. बोलताबोलता माणूस वीस वेळा नाही म्हणतो आणि दर वेळी सगळे दचकतात. ‘हाड!’ ठेवलं. हाड कुत्र्याला म्हणतात, अशी रीतसर तक्रार आली. फेटाळली.

या सगळ्यात मला आवडलेली कोटी मात्र मूळ खेळात नाहीच. फुटणारं पिल्लू हाती आलं की गडी बाद, पण ‘डिफ्यूज’ पान असेल तर तो वाचतो आणि ते पिल्लू गड्डीत हवं तिथे, कुणाला न दाखवता, परत खुपसतो. गुपचूप काहीतरी पेरायचं आणि साळसूदपणे बसून मजा बघायची, याला आपल्याकडे म्हणतातच ‘पिल्लू सोडणं’. त्या पानावर मी ‘पिल्लू सोड’ एवढंच लिहिलं. नियम समजावून सांगावाच लागला नाही. आईने गड्डी टेबलाखाली नेली, परत आणली आणि चष्मा पुसत बसली. बाद होणाऱ्याला “फूट!” म्हणायचं हेही आपसूक आलं, त्यात स्फोट आहे आणि ‘चालता हो’ही आहे.

पाचवा प्रकार केसाळ बटाट्याचा. ‘हेअरी पोटॅटो कॅट’ या मूळ नावात हॅरी पॉटर या जादूगार पोराच्या नावाची खिल्ली आहे, ती मला काही केल्या जमली नाही. आई त्याला नुसतं “बटाटा” म्हणते. म्हणजे “बटाटा आहे का रे?” असं इतक्या गंभीरपणे विचारते की आम्हाला पानं धरवत नाहीत.