पाळी जाण्याची टेस्ट, ‘२८ दिवस’ आणि मी

घरपोच हार्मोन तपासणी मागवायच्या एका अॅपच्या फॉर्मवर एक रकाना होता, ‘तुमच्या पाळीचं चक्र किती दिवसांचं?’ त्यात २१ ते ३५ याच आकड्यांना जागा होती. ज्या बाईची पाळी बिघडली आहे, तीच ही तपासणी मागवणार. आणि नेमका तिचाच आकडा त्या रकान्यात बसत नाही. आज इतके महिने झाले तरी त्या रकान्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

मी अमळनेरला राहते, वय ४६. वर्षभरापासून पाळी कधी लवकर, कधी फार उशिरा. रात्री अंगातून गरम वाफा निघायच्या, उशी ओली व्हायची. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, त्यामुळे आधी सगळं उन्हावरच गेलं. पण पावसाळा सुरू झाला तरी वाफा थांबेनात. तेव्हा औषधाच्या दुकानातून लघवीवर करायची पट्टी आणली.

ही पट्टी एकच गोष्ट बघते, लघवीत पाळी जायच्या सुमारास वाढणारं एफएसएच नावाचं हार्मोन ठरावीक पातळीच्या वर आहे की नाही. बहुतेक पट्ट्यांमध्ये ती पातळी २५ असते. गरोदरपणाच्या पट्टीवर फिकट दुसरी रेघ आली तरी ती ‘आहे’ समजतात. इथे तसं नाही. तपासणीची रेघ शेजारच्या खुणेच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद असेल तरच ‘आहे’ धरायचं. सकाळची पहिली लघवी घ्यायची आणि आठवड्याने पुन्हा करायची, असं कागदावर लिहिलं होतं. मी तसंच केलं. पहिल्या वेळी रेघ चांगली गडद आली. आठवड्याने आली ती इतकी फिकट, की खिडकीशी नेऊन उजेडात बघावी लागली. म्हणजे गेल्या आठवड्यात पाळी ‘गेली’ होती आणि या आठवड्यात ‘परत आली’? म्हणून मग घरपोच हार्मोन पॅनल मागवलं. त्यात एफएसएच, एलएच, अंडाशयात तयार होणारं इस्ट्रॅडिओल आणि आणखी दोन-तीन हार्मोनांची नावं होती. पैसे भरले, पत्ता टाकला आणि त्या फॉर्मपाशी अडकले.

माझ्या पाळ्यांमधलं अंतर ३४, ५२, २७ आणि ६१ दिवस असं होतं. ५२ टाकलं तर रकाना लाल व्हायचा. मदतीच्या नंबरवर फोन केला, तर पलीकडच्या मुलीने सांगितलं, “मॅडम, सरासरी २८ टाका.” मी म्हटलं, माझी सरासरी २८ नाही. ती म्हणाली, “सिस्टिम पुढे जाणार नाही मॅडम, २८ टाका.” टाकले.

मग पुढची अट आली. पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात रक्त द्यायचं. या अटीला कारण आहे, ते मला नंतर कळलं. त्या दिवसांत इस्ट्रॅडिओल खाली असतं, म्हणून एफएसएच त्याच्या दबावाखाली नसतं आणि आकड्याची तुलना करता येते. पण हे ज्यांची पाळी वेळेवर येते त्यांच्यासाठी. रक्त घ्यायला येणारा मुलगा जळगावहून ठरलेल्या वारीच यायचा आणि त्याची वेळ आधी बुक करावी लागायची. माझी पाळी कधी येणार हे मला माहीत नाही, मग बुक काय करू? अंदाजाने वेळ घ्यायची, पाळी यायची नाही, वेळ रद्द करायची. रद्द केली की अॅप पुन्हा विचारायचं, ‘शेवटची पाळी कधी? चक्र किती दिवसांचं?’ आणि पुन्हा २८. सासूबाई विचारायच्या, “काय व्हयनं वं, तो पोऱ्या उना का?” मी म्हणायची, मुलगा यायला तयार आहे, पाळीच येत नाही.

शेवटी कंपनीकडूनच फोन आला की मुदत संपत आली आहे, कुठल्याही दिवशी दिलं तरी चालेल. इतके दिवस जी अट मोडता येत नव्हती ती एका फोनवर उडाली. रक्त दिलं तो दिवस शेवटच्या पाळीपासून ४१वा होता.

अहवाल मोबाइलवर आला. एफएसएच ११.४, इस्ट्रॅडिओल १८८. खाली हिरव्या पट्टीत लिहिलं होतं, ‘चक्राचा १३वा दिवस. रजोनिवृत्तीची लक्षणं नाहीत. सर्व सामान्य.’ १३वा दिवस कुठून आला हे मी बराच वेळ शोधत होते. मग हिशेब केला. ४१ मधून २८ वजा केले की १३ उरतात. त्या मुलीने टाकायला लावलेले २८ माझ्या रक्ताच्या निकालात येऊन बसले होते. संगणकाने गृहीत धरलं की मधे एक पाळी होऊन गेली आणि तिचा १३वा दिवस चालू आहे. अशी पाळी झालीच नव्हती.

या आकड्यांचं वाचन दिवसावर कसं अवलंबून असतं, ते त्याच अहवालातल्या तक्त्यात दिसतं. पाळीनंतरच्या पहिल्या टप्प्यात एफएसएच ३.५ ते १२.५, अंडं सुटण्याच्या सुमारास ४.७ ते २१.५, नंतरच्या टप्प्यात १.७ ते ७.७ आणि पाळी गेल्यावर २५.८ च्या पुढे. प्रयोगशाळेच्या यंत्राप्रमाणे हे आकडे थोडे बदलतात. माझं ११.४ पहिल्या दोन्ही ओळींत बसतं. कुठल्या ओळीत वाचायचं हे दिवस ठरवणार, आणि दिवस खोटा होता.

तो अहवाल घेऊन जळगावला स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी अहवाल बाजूला ठेवला आणि विचारलं, “ताई, पाळीच्या तारखा कुठे लिहून ठेवल्या आहेत का?” घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी खुणा करते, त्याचे फोटो मोबाइलमध्ये होते. त्यांनी ते एकेक करून पाहिले. ६१ दिवसांच्या खाड्यावर बोट ठेवून म्हणाल्या, “हे बघा, उत्तर इथे आहे.”

त्यांनी सांगितलं ते असं. लागोपाठच्या दोन चक्रांच्या लांबीत सात दिवस किंवा जास्त फरक पडायला लागला आणि असं वारंवार होऊ लागलं, की पाळी जाण्याचा काळ सुरू झाला असं धरतात. साठ दिवस किंवा त्याहून मोठा खाडा पडला, की तो काळ पुढच्या टप्प्यात गेला. आणि सलग बारा महिने पाळी आली नाही, की मगच मागे वळून म्हणायचं, शेवटची पाळी अमुक महिन्यात झाली. पंचेचाळीशी ओलांडलेल्या, एरवी निरोगी बाईला वाफा आणि अनियमित पाळी असेल तर हे ठरवायला एफएसएच लागतच नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेची २०१५ सालची मार्गदर्शक सूत्रंही हेच सांगतात.

मग माझी पट्टी आधी गडद आणि नंतर फिकट का? मॅडमनी आमच्याच भागातलं उदाहरण दिलं. विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटार जास्त वेळ चालवावी लागते, आणि मधेच झरा फुटला की लगेच बंद करता येते. अंडाशयातली अंडी संपत आली की मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी जोर लावते, एफएसएच वाढतं. मधेच एखादं अंडं त्या जोराला दाद देतं, इस्ट्रॅडिओल वर जातं आणि एफएसएच झटकन उतरतं. माझ्यात तेच चाललं होतं. पहिली पट्टी खरी होती, दुसरीही खरी होती, आणि १८८ इस्ट्रॅडिओलही खरं होतं. त्यातल्या एकाही आकड्यावरून पाळी गेली की राहिली हे सांगता येत नव्हतं. रक्त दिल्यानंतर थोड्याच दिवसांत मला भरपूर पाळी आली.

त्या ‘भरपूर’ शब्दावर मॅडम थांबल्या. गाठी पडतात का, रात्री उठून पॅड बदलावं लागतं का, जिना चढताना धाप लागते का, छातीत धडधडतं का, सगळं विचारलं. आधी गरोदरपणाची साधी पट्टी करायला लावली, मग हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच आणि सोनोग्राफी. हिमोग्लोबिन ९.१ निघालं. माझी धडधड आणि थकवा मी वाफांच्या खात्यावर टाकत होते, त्यातला मोठा वाटा रक्त कमी असण्याचा होता. एवढं महाग पॅनल, पण त्यात हिमोग्लोबिन नव्हतं. खाली मात्र ‘सर्व सामान्य’ लिहिलेलं होतं. मी त्यावर भरवसा ठेवला असता तर पुढची पाळीही अशीच अंगावर काढली असती.

पट्टी गडद आली म्हणून आता दिवस राहणार नाहीत, असं कुणी समजू नये. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष काळजी घ्यावी, असं मॅडमनी बजावलं.

चाळिशीच्या आत पाळी थांबली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे एफएसएच खरोखर लागतं, पण ते डॉक्टरांनी सांगितलेलं, रक्तातलं, आणि गरज पडली तर काही आठवड्यांनी पुन्हा केलेलं. त्या वयात हाडांचा आणि हृदयाचा प्रश्न असतो, घरच्या पट्टीवर तो सोडू नये. चाळीस ते पंचेचाळीसमध्येही डॉक्टर कधी कधी ही तपासणी सांगतात.

आणखी एक आठवलं, ते आधीच सांगायला हवं होतं. माझ्या जाऊबाईंनीही हेच पॅनल मागवलं होतं आणि त्यांचं एफएसएच अगदी कमी आलं. कानबाईच्या सणाच्या रोटांसाठी त्यांनी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या होत्या, दिवसाला तीन, आणि त्या चालू असतानाच रक्त गेलं. या गोळ्या पिट्यूटरीलाच दाबतात, त्यामुळे तो आकडा वाचण्यात अर्थ नसतो. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तसंच. केस गळतात म्हणून घेतलेल्या बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्याही काही यंत्रांवर एफएसएच आणि टीएसएच खोटं कमी दाखवतात. फॉर्मवर यातलं काहीच विचारलेलं नव्हतं. लग्न, आखाजी, कानबाई, ज्या कशासाठी गोळ्या घेतल्या असतील त्या तारखा कॅलेंडरवर पाळीच्या खुणांशेजारी लिहा आणि डॉक्टरांना तो फोटो दाखवा.

लोहाच्या गोळ्या चालू आहेत, सोनोग्राफीत काळजीचं काही निघालं नाही. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसलं तरी वाट न बघता यायचं, असं मॅडमनी माझ्या फाइलवर लाल पेनाने लिहून दिलं आहे.